चार्जरमधून निघालेले वॅट फोनपर्यंत किती पोहोचतात?

यूएसबी पॉवर मीटर ही अंगठ्याएवढी डबी असते. तिच्या एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेट आणि वर छोटा पडदा असतो. प्लग चार्जरमध्ये बसवायचा, सॉकेटमध्ये केबल लावायची आणि केबलचे दुसरे टोक नेहमीसारखे फोनला जोडायचे. फोनकडे जाणारा सगळा करंट आता या डबीतून जातो. आत त्याच्या वाटेवर अगदी कमी रोधाची एक पट्टी असते. करंट वाहू लागला की त्या पट्टीच्या दोन टोकांत व्होल्टेजचा सूक्ष्म फरक पडतो आणि त्यावरून मीटर करंट काढतो. व्होल्टेज तो थेट मोजतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. पडद्यावर V, A आणि W या अक्षरांपुढे दिसतात ते हे तीन आकडे. बाकीच्या तारा डबीतून सरळ पलीकडे जातात, म्हणून चार्जर आणि फोन यांच्यातले बोलणे तुटत नाही.

टाइप-सी चार्जरमध्ये नुसता मीटर खोचला तर पडदा बहुधा काळाच राहतो, आणि नवा मीटर बिघडलेला निघाला असे वाटते. तो बिघडलेला नसतो. टाइप-सीच्या नियमानुसार समोर कोणी जोडले गेल्याची खूण पटेपर्यंत चार्जर वीजच सोडत नाही. ही खूण CC नावाच्या तारेवर मिळते. फोनच्या आत या तारेवर ५.१ किलोओहमचा एक रोध जोडलेला असतो. तो दिसला की चार्जर ५ व्होल्ट सोडतो आणि त्याच विजेवर मीटरचा पडदा उजळतो. जुन्या चौकोनी टाइप-ए सॉकेटमध्ये मात्र ५ व्होल्ट कायम हजर असतात, त्यामुळे तिथे मीटर लावताक्षणी चालू होतो.

पडदा उजळल्यावरचे पहिले एक-दोन सेकंद नीट पाहण्यासारखे असतात. आधी ५ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो आणि लगेच तो ९ व्होल्टवर उडी घेतो. या उडीच्या आधी CC तारेवरून खरोखरची बोलणी झालेली असतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर आपल्याकडे काय काय आहे याची यादी पाठवतो. फोन त्यातली एक ओळ निवडतो, चार्जर होकार देतो, व्होल्टेज बदलतो आणि तयार असल्याचे कळवतो. व्होल्टेज चार्जर स्वतःच्या मनाने वाढवत नाही. मागणी फोनची असते. म्हणून उडी झालीच नाही आणि आकडा ५ वर अडून राहिला, तर चार्जर कमी ताकदीचा आहे असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. बोलणी कुठे अडली ते आधी शोधावे लागते.

जरा चांगल्या मीटरवर चार्जरची ही यादी वाचता येते. तिच्यातल्या ओळींना PDO म्हणतात. ६५ वॅटच्या चार्जरची यादी साधारणपणे अशी असते: ५, ९ आणि १५ व्होल्टला प्रत्येकी ३ अँपिअर आणि २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. या शेवटच्या ओळीतून केबलविषयीही काही कळते. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरपेक्षा जास्त करंट न्यायला परवानगी नाही. त्यापुढे जायचे तर केबलच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते, आणि ही केबल ५ अँपिअर सोसू शकते असे ती चिप चार्जरला सांगते. ही चिप सापडली नाही तर नीट बनवलेला चार्जर आपली यादीच आखूड करतो आणि २० व्होल्टपुढे ३.२५ ऐवजी ३.०० दाखवतो. केबल बदलली की चार्जरची यादी बदलते, हे मीटरशिवाय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही मीटर मात्र CC ची एकच तार पुढे नेतात. अशा मीटरमुळे चांगल्या केबलची चिपही चार्जरला दिसत नाही आणि दोष विनाकारण केबलच्या माथी येतो. केबल उलटी करून, किंवा शक्य असेल तर दुसऱ्या मीटरवर, पडताळा घ्यावा.

यादीतला आकडा आणि पडद्यावरचा करंट यांत गल्लत होता कामा नये. ९ व्होल्ट, ३ अँपिअर असे ठरले याचा अर्थ फोनला ३ अँपिअरपर्यंत घेण्याची मुभा आहे, एवढाच. तो त्यातले १.९ घेईल किंवा ०.६ घेईल. किती घ्यायचे हे त्याची बॅटरी किती भरली आहे आणि किती तापली आहे यावर ठरते. चार्जर करंट ढकलत नाही, फोन ओढतो. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलेल्या फोनवर मीटर लावून ‘चार्जर फसवा निघाला’ म्हणणे हा सर्रास होणारा घोटाळा आहे. भरत आलेली बॅटरी करंट स्वतःहून कमी करत नेते. म्हणून मोजमाप फोन वीस ते पन्नास टक्क्यांवर असताना, पडदा बंद ठेवून आणि फोन तापलेला नसताना घ्यावे.

टाइप-ए सॉकेटमध्ये CC तारच नसते, म्हणून तिथे पॉवर डिलिव्हरीची बोलणी होऊ शकत नाहीत. तिथला इशारा D+ आणि D− या डेटाच्या तारांवर दिला जातो, आणि बरेच मीटर त्यांचे व्होल्टेजही दाखवतात. दोन्हींवर २.७ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर चार्जर अ‍ॅपलच्या जुन्या पद्धतीने २.४ अँपिअरची हमी देतो आहे. D+ वर ३.३ आणि D− वर ०.६ असेल तर फोनने क्विक चार्ज पद्धतीने ९ व्होल्ट मागितले आहेत. या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची स्वस्त केबल लावली की ही मागणी चार्जरपर्यंत पोहोचत नाही आणि फोन ५ व्होल्टवर संथपणे चार्ज होत राहतो.

इथपर्यंतचे सारे वाचन मीटर चार्जरपाशी ठेवून होते. केबलमध्ये किती वीज वाया जाते हे मात्र तिथून दिसत नाही. चार्जरच्या तोंडाशी मीटरला केबलच्या आधीचे व्होल्टेज दिसते. पुढे केबल उत्तम असो की भिकार, इथला आकडा जवळपास तोच राहतो. बाहेर किती निघाले हे इथे कळते, पोहोचले किती हे दुसऱ्या टोकाला. म्हणून मीटर दोन ठिकाणी लावून दोनदा वाचावा लागतो: एकदा चार्जर आणि केबल यांच्या मध्ये, एकदा केबल आणि फोन यांच्या मध्ये. एकीकडे प्लग आणि दुसरीकडे सॉकेट असलेला टाइप-सी मीटर दोन्हीकडे बसतो. केबलभर करंट एकच असतो, कारण त्याला दुसरी वाट नाही. बदलते ते व्होल्टेज. दोन वाचनांतला व्होल्टेजचा फरक म्हणजे केबलने आणि तिच्या प्लगांनी खाल्लेला वाटा.

समजा, दोन मीटर लांबीची एक केबल आहे आणि फोन ९ व्होल्टवर चार्ज होतो आहे. मीटर चार्जरपाशी असताना पडद्यावर ९.०६ व्होल्ट आणि १.९० अँपिअर आहेत. करंट स्थिर झाला की आकडे टिपून घ्यायचे, मीटर काढून फोनच्या बाजूला लावायचा, बोलणी पुन्हा होऊ द्यायची आणि करंट परत १.९० च्या जवळ येईपर्यंत थांबायचे. हे काम एक-दोन मिनिटांत आटोपले पाहिजे, नाहीतर तेवढ्यात बॅटरीची स्थिती बदलते. या बाजूला आता ८.३८ व्होल्ट दिसतात. फरक ०.६८ व्होल्ट. त्याला १.९० ने भागले की केबलचा जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा आणि जोडांचा मिळून रोध येतो: सुमारे ०.३६ ओहम. चार्जरने १७.२ वॅट दिले, फोनला १५.९ मिळाले. मधले १.३ वॅट, म्हणजे साडेसात टक्के, केबलच्या लांबीभर उष्णता होऊन गेले.

आता त्याच जागी एक मीटर लांबीची, जरा जाड तारेची केबल लावली आणि १.९० अँपिअरलाच चार्जरपाशी ९.०५ व फोनपाशी ८.७९ व्होल्ट मिळाले, तर फरक ०.२६ व्होल्ट, रोध ०.१४ ओहम आणि नुकसान अर्ध्या वॅटच्या आसपास. या दोन आकड्यांचा मेळ तांब्याच्या हिशेबाशी बसतो. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. दोन मीटरच्या केबलमध्ये करंट जाऊन परत येतो, म्हणजे चार मीटर तार, म्हणजे ०.३४ ओहम. उरलेले थोडे प्लगच्या जोडांचे. २२ गेजच्या तारेचा दर ०.०५३ ओहम, एक मीटरच्या केबलला दोन मीटर तार धरली की ०.११ ओहम होतात आणि वर जोडांचे थोडे. केबलवरचे जाडजूड रबर किंवा विणलेले आवरण या हिशेबात कुठेच येत नाही. आतल्या तांब्याची जाडी आणि लांबी एवढेच मोजले जाते. २८ गेजची बारीक तार वापरली तर दर मीटरला रोध ०.२१ ओहमवर जातो, आणि बाहेरून भक्कम दिसणारी दोन मीटरची केबल ०.८५ ओहमची निघते.

हा रोध ओहममध्ये काढून ठेवण्याचा मोठा फायदा असा, की तो केबलचा स्वतःचा आकडा आहे. करंट किंवा व्होल्टेज बदलले तरी तोच वापरता येतो. टाइप-सीच्या मानकानुसार केबलमध्ये पूर्ण क्षमतेच्या करंटला जाणाऱ्या तारेत ०.५ व्होल्टपेक्षा आणि परतीच्या तारेत ०.२५ व्होल्टपेक्षा जास्त घट चालत नाही. दोन्ही मिळून ०.७५ व्होल्ट. ३ अँपिअरच्या केबलसाठी ही मर्यादा म्हणजे ०.२५ ओहम. वरची दोन मीटरची केबल ३ अँपिअरला १.०७ व्होल्ट खाईल, म्हणजे ती मानकात बसत नाही. १.९ अँपिअरच्या वाचनातूनच हे कळले, त्यासाठी ३ अँपिअर वाहवून पाहावे लागले नाही. दुसरी केबल आरामात बसते.

हीच पहिली केबल घेऊन फोन ५ व्होल्टवर चार्ज करायचा ठरला, की केबलच्या नुकसानीचा खरा चेहरा दिसतो. चार्जरपाशी ५.०६ व्होल्ट आहेत. २ अँपिअर वाहिले तर केबलमध्ये ०.७२ व्होल्ट जातील आणि फोनपाशी ४.३४ उरतील. एवढे कमी व्होल्टेज फोन चालवून घेत नाही. आत येणारे व्होल्टेज साडेचारच्या जवळपास घसरले की चार्जिंगचे सर्किट करंट आवरते घेते, म्हणजे चार्जर कोसळू नये. या केबलवर साडेचार व्होल्ट राखायचे तर करंट १.५६ अँपिअरवरच थांबतो आणि फोनला ७ वॅट मिळतात. ९ व्होल्टवर याच केबलने जवळजवळ १६ वॅट पोहोचवले होते. केबलमध्ये जाणारे वॅट करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. व्होल्टेज चढवून करंट कमी ठेवणे हाच जलद चार्जिंगच्या बोलण्यांमागचा मुख्य हेतू. फोनच्या बाजूचा मीटर ४.५ व्होल्टच्या आसपास चिकटून राहिलेला दिसला आणि जाड, आखूड केबल लावताच करंट एकदम वाढला, तर जुन्या केबलनेच चार्जिंग अडवले होते, हे निश्चित.

नुकसानीचे पैशांतले मोल किरकोळ आहे. सव्वा वॅट तासभर वाया गेला तर वीजबिलात त्याचा पत्ताही लागत नाही. महत्त्व आहे ते वेळेला, आणि त्याहून जास्त उष्णता कुठे साठते याला. केबलभर पसरलेला एक वॅट जाणवत नाही. तोच एका सैल किंवा मळलेल्या जोडात जमला तर प्लग तापतो आणि प्लास्टिक पिवळे पडते. म्हणून फोनच्या बाजूने वाचन घेताना प्लग हलकासा हलवून पाहावा. चांगल्या जोडात व्होल्टेज जागचे हलत नाही. आकडा दशांशात वरखाली उड्या मारू लागला तर रोध तारेत नसून जोडात आहे, आणि बऱ्याचदा फोनच्या सॉकेटमधला कापसासारखा मळ लाकडी काडीने काढला की भागते.

काही फोनांवर ही दोन टोकांची रीत फसते. पॉवर डिलिव्हरीच्या PPS या प्रकारात फोन ठरावीक ९ व्होल्ट न मागता २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवे तसे व्होल्टेज मागत राहतो. बॅटरी भरत जाईल तसा चार्जरपाशीचा आकडा ८ च्या आसपासून हळूहळू चढताना दिसतो. केबल निकृष्ट असेल तर फोन तिची घट भरून काढण्यासाठी आणखी थोडे वर मागतो. अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात चार्जरचे व्होल्टेजच एक राहत नाही, आणि नुसत्या वजाबाकीतून चुकीचा रोध निघतो. उपाय दोन. एकतर PPS नसलेल्या चार्जरवर मोजावे, किंवा एकाच वेळी दोन्ही टोकांना एकेक मीटर लावावा. दोन मीटर वापरायचे तर आधी ते एकमेकांत खोचून, वाहत्या करंटवर त्यांचे आकडे किती वेगळे येतात ते पाहून घ्यावे आणि तेवढा फरक वजा करावा. फोनऐवजी करंट ठरवून देता येणारे इलेक्ट्रॉनिक लोड असेल, तर सगळ्यात उत्तम.

आणखी एक प्रसंग गोंधळात टाकतो. मीटर काढला की फोन जलद चार्ज होतो, मीटर लावला की ५ व्होल्टवर येतो. काही कंपन्यांच्या स्वतःच्या जलद पद्धती त्यांच्याच चार्जर आणि केबलमधल्या खास जोडण्यांवर चालतात, आणि मध्ये बसलेली डबी त्या जोडण्या पुढे नेत नाही. टाइप-ए सॉकेटचा साधा मीटर तर चारच पिना नेतो. मोजणाऱ्या साधनानेच परिस्थिती बदलली असेल, तर त्या वाचनावरून चार्जरला दोष देता येत नाही.

मीटरच्या मेनूत एक जागा मात्र खरोखर धोक्याची आहे. बऱ्याच मीटरमध्ये चार्जर कोणत्या पद्धती जाणतो हे तपासण्यासाठी मीटर स्वतःच फोन असल्याचा बहाणा करून ९, १२, २० व्होल्ट मागतो. याला ट्रिगर म्हणतात. त्या वेळी पलीकडे फोन, इअरफोन किंवा ५ व्होल्टचे कोणतेही उपकरण जोडलेले असेल, तर ते वाढलेले व्होल्टेज थेट त्याच्यावर जाते आणि ते जळू शकते. ट्रिगर वापरण्याआधी मीटरच्या पुढचे सॉकेट रिकामे केलेच पाहिजे, आणि तपासणी झाल्यावर मीटर चार्जरमधून काढून मगच फोन लावावा.

पडद्यावरचे mAh आणि Wh हे साठत जाणारे आकडे आहेत, आणि त्यांतल्या पहिल्याने पुष्कळांची दिशाभूल होते. ५००० mAh ची बॅटरी सुमारे ३.८७ व्होल्टची असते, म्हणजे तिच्यात १९ वॅट-तासांपेक्षा थोडी जास्त ऊर्जा मावते. रूपांतरातली घट धरून फोनला बावीसेक वॅट-तास द्यावे लागतात. ९ व्होल्टवर मोजले तर मीटर त्यासाठी २४०० mAh च्या आसपास दाखवतो. बॅटरी अर्धीच भरली, असा त्याचा अर्थ नाही. mAh ला व्होल्टेजशिवाय अर्थ नसतो. वेगवेगळ्या व्होल्टेजांवरच्या नोंदींची तुलना Wh मध्येच करावी.

अचूकतेबाबतही भान हवे. पडद्यावर दशांशचिन्हानंतर चार-पाच अंक झळकतात, पण शेवटचे एक-दोन अंक बहुधा शोभेचेच असतात. केबलच्या हिशेबात मात्र हे फारसे आड येत नाही. एकच मीटर दोन्हीकडे वापरला आणि तो प्रत्येक वेळी सारखेच जास्त दाखवत असेल, तर ती चूक वजाबाकीत बरीचशी नाहीशी होते. फरक फार लहान असेल तेव्हा भरवसा कमी होतो: अर्ध्या अँपिअरवर ०.०७ व्होल्टचा फरक मिळाला तर एक-दोन शतांशांच्या चुकीनेही रोध बराच हलतो. म्हणून वाचन निदान दीड-दोन अँपिअरवर घ्यावे आणि केबल दोन-तीनदा काढून पुन्हा लावून पाहावे. दर वेळी रोध शतांश-दोन शतांश ओहमने वेगळा आला तर तो जोडांचा फरक आहे. त्याहून मोठा फेर येत असेल, तर त्या केबलचा एखादा प्लग सैल झाला आहे.